पाट्टीची हरवलेली बरणी: सोप्या तमिळमध्ये लहान मुलांची गोष्ट कशी लिहायची

आधी सांगते की मी तमिळ नाही, लग्नानंतर चेन्नईत आले, मुलगी इथल्याच शाळेत जाते, आणि तिच्या वर्गातल्या वाचनकोपऱ्यासाठी "घरी बनवलेलं पुस्तक" द्यायचं होतं. विषय तिनेच ठरवला, पाट्टीचं म्हणजे आजीचं स्वयंपाकघर आणि हरवलेली लोणच्याची बरणी. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे, मराठीत लिहू, तमिळ करू, चित्रं चिकटवू. तीन आठवडे लागले. ज्यांना मराठी डोक्याने तमिळमध्ये मुलांसाठी लिहायचंय त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितेय, म्हणजे माझे दोन आठवडे तरी तुमचे वाचतील.

तमिळ शब्द इथे देवनागरीत लिहितेय. ऱ दिसला की तो आपल्या र पेक्षा जरा जोरात, ऴ दिसला की जीभ मागे वळवून पण टाळूला न लावता काढायचा तो तमिळचा खास आवाज, आणि ऎ, ऒ म्हणजे आखूड ए, ओ. तमिळमध्ये आखूड आणि लांब ए-ओ वेगवेगळी अक्षरं आहेत, लिहिताना चुकली की शब्दच बदलतो.

पहिलं काम, लोणचं कुठलं ते ठरवा. नुसतं "लोणचं" लिहाल तर गोष्ट हवेत राहते. तमिळमध्ये लोणच्याला ऊऱुगाय् म्हणतात, आणि हा शब्द जरा थांबून बघण्यासारखा आहे. ऊऱु म्हणजे मुरणं, काय् म्हणजे कच्चं फळ किंवा भाजी. तमिळ व्याकरणात अशा जोडशब्दाला विनैत्तॊगै म्हणतात, म्हणजे त्यात क्रियापद असतं पण काळ नसतो, मुरलेलं, मुरतंय ते आणि मुरेल ते, तिन्ही एकाच शब्दात. शाळेच्या पुस्तकात उदाहरण म्हणून हाच शब्द हमखास देतात. आणि जिभेला पाणी सुटतं त्यालाही हेच क्रियापद, नाक्कुल ऎच्चिल् ऊऱुदु. म्हणजे बरणीत काय् मुरते आणि तोंडात लाळ "मुरते". गोष्टीत ही दोन वाक्यं समोरासमोरच्या पानांवर ठेवली की मुलं आपोआप पकडतात, समजावून सांगावं लागत नाही.

मी मावडु घेतलं. छोट्या छोट्या, सुपारीएवढ्या कोवळ्या कैऱ्या असतात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला थोडेच दिवस मिळतात. त्या धुऊन पूर्ण कोरड्या करायच्या, एरंडेलाचा हात फिरवायचा, मग जाडं मीठ, हळद, तिखट, मोहरीची पूड, आणि बरणीत. पाणी घालायचं नाही, मिठाने कैऱ्यांनाच पाणी सुटतं आणि आठ-दहा दिवसांत त्या आजीच्या गालांसारख्या सुरकुततात. पण त्यासाठी बरणी रोज हलवावी लागते, नाहीतर वरच्या कैऱ्या कोरड्याच राहतात. मला मावडु हवं होतं ते ह्या रोज हलवण्यासाठी. कारण गोष्टीत सगळ्यात मोठा प्रश्न असतो, बरणी गेली हे *आजच* कसं कळलं? लिंबाचं मुरलेलं लोणचं आठवडाभर कुणी बघत नाही. मावडुची बरणी रोज सकाळी आजीच्या हातात असते, म्हणून आज नसली की आजच बोंब.

आता दुसरी पायरी, आणि इथे बहुतेक सगळे आपटतात. तमिळ दोन आहेत. लिहायची वेगळी, बोलायची वेगळी, आणि फरक आपल्या प्रमाण मराठी नि घरच्या मराठीइतका छोटा नाही. "बरणी होती" हे लिहिताना जाडि इरुन्ददु, बोलताना जाडि इरुन्दुच्चु. "नाही" लिहिताना इल्लै, बोलताना इल्ल. माझा पहिला खर्डा सगळा लेखी तमिळमध्ये होता, आजीसुद्धा लेखी बोलत होती. शेजारच्या मामींना वाचून दाखवला (ह्या मूळच्या कुंभकोणमजवळच्या, मावडु त्यांच्याकडूनच शिकले) तर त्या इतक्या हसल्या की कॉफी सांडली. म्हणाल्या, तुझी पाट्टी बातम्या वाचतेय. मग मी सगळंच बोली केलं, तर मुलीच्या टीचरनी सांगितलं की पोरं नुकती अक्षरं शिकतायत, पुस्तकात वेगळी आणि पाटीवर वेगळी स्पेलिंग बघून गोंधळतात.

मध्य सापडला तो असा: निवेदन लेखी पण साधं, आणि अवतरण चिन्हातलं सगळं बोली. म्हणजे पानावर पाट्टीच्या तोंडी "जाडियक् काणोम्" आणि लगेच पुढे निवेदकाचं "ऎन्ऱार् पाट्टि", म्हणजे "आजी म्हणाल्या". सहा-सात वर्षांचं मूल हे आरामात झेपवतं, कारण ऐकतं ते तसंच बोलतं आणि वाचतं ते तसंच लिहितं. फक्त एक शिस्त पाळा, एकाच वाक्यात दोन्ही मिसळू नका. आणि बोली कुणाची तेही आधी ठरवा. मी मामींकडून ऐकून लिहिल्यामुळे "घरात" साठी आत्तुल आलं होतं, ते ब्राह्मण घरांतलं, बाकी बहुतेक घरांत वीट्टुल म्हणतात. कुठलंही चालेल, पण पहिल्या पानावर एक नि पाचव्यावर दुसरं असं नको. आजीला काय म्हणायचं तेही त्यातच येतं. पाट्टी सगळीकडे कळतं, पण चेट्टिनाड-तिरुनेलवेलीकडे आच्चि, मदुरै बाजूला वडिलांच्या आईला अप्पत्ता, कोइम्बतूरकडच्या कोंगु भागात आईच्या आईला अम्मायि. आपल्याकडे आजी, आजे, बाय असं चालतं तसंच. वर्गात सगळीकडची मुलं म्हणून मी पाट्टी ठेवलं.

तिसरी गोष्ट, "हरवली" हा शब्द. इथे मराठीवरून भाषांतर करू नका. मी आधी डिक्शनरीतून ऊऱुगाय् जाडि तॊलैन्ददु असं काढलं होतं. व्याकरण बरोबर, पण कुणी आजी स्वयंपाकघरात उभी राहून असं ओरडत नाही. ती ओरडते, काणोम्! मूळ अर्थ "आम्हाला दिसत नाही" असा, पण आता कुठलीही वस्तू जागेवर नसली की एवढंच. चष्मा काणोम्, चप्पल काणोम्, पोरगं काणोम्. कर्ता लागत नाही, काळ लागत नाही, कुणावर आळ येत नाही. हे तिसरं महत्त्वाचं, कारण चोरीची गोष्ट आणि न सापडण्याची गोष्ट ह्यात लहान मुलांसाठी खूप फरक आहे. काणविल्लै हाही शब्द आहे पण तो हरवलेल्या माणसांच्या पोस्टरवर असतो, बरणीसाठी लिहिलात तर पोलीस येतील असं वाटतं.

काणोम् मुळे मला गोष्टीचं पालुपदही मिळालं. जाडियैक् काणोम्! चौथ्या पानावर एकदा, सहाव्यावर पुन्हा. मधला क् लक्षात ठेवा, जाडियै (बरणीला) नंतर क ने सुरू होणारा शब्द आला की तिथे क् चिकटतो, लेखीत तो गाळला तर तमिळ वाचणाऱ्याला खटकतं. असे जोड मला कधी नीट जमणार नाहीत हे मान्य करून मी शेवटी एका तमिळ शिकलेल्या माणसाला फक्त तेवढ्यासाठी वाचायला दिलं, तुम्हीही द्या.

आता व्याकरणाचे दोनच मुद्दे, एक जिथे मराठी माणूस फसतो आणि एक जिथे आपल्याला लॉटरी लागते.

फसतो तो लिंगात. आपल्याकडे बरणी ती, डबा तो, मांजर ते. तमिळमध्ये माणूस (आणि देव) सोडून सगळं एकाच डब्यात, नपुंसक. बरणी, मांजर, कैरी, सगळ्यांचं भूतकाळातलं क्रियापद सहसा -अदु वर संपतं. गोष्टीतली नात मीनु म्हणाली, ऎन्ऱाळ्. नातू कदिर् म्हणाला, ऎन्ऱान्. पाट्टी आणि तात्ता (आजोबा) मात्र ऎन्ऱार्, आदराचं रूप. आपण "आजी म्हणाली" असं बिनधास्त म्हणतो म्हणून मी पाट्टीला ऎन्ऱाळ् लावलं होतं, चूक नाही, जुन्या गोष्टींत असतं, पण मुलांच्या हल्लीच्या पुस्तकांत मला ऎन्ऱार् जास्त दिसतं आणि कानालाही बरं वाटतं. संवादात नातवंडं आजीला "तू" म्हणतात का "तुम्ही" हे घराघरावर आहे, मी ते टाळलं, "पाट्टि!" म्हणून हाक मारली की काम भागतं.

लॉटरी म्हणजे आम्ही आणि आपण. हिंदीवाल्याला "हम" मध्ये हा फरक समजावावा लागतो, आपल्याला नाही. आम्ही म्हणजे नाङ्गळ्, बोलताना नाङ्ग, ऐकणारा त्यात नाही. आपण म्हणजे नाम्, बोलताना नाम, ऐकणारा धरून. आख्खी गोष्ट ह्या दोन शब्दांवर उभी करता येते हे मला अंघोळ करताना सुचलं. आजीने विचारलं की मुलं म्हणणार "नाङ्ग ऎडुक्कल पाट्टि!", आम्ही नाही घेतली, आजी पलीकडे, आम्ही अलीकडे. आणि शेवटी आजी म्हणणार नाम, आपण. बस, शेवट मिळाला, वेगळं "आणि सगळे आनंदाने राहिले" नको.

चौथं, शब्द छोटे ठेवा. तमिळमध्ये प्रत्यय चिकटून चिकटून शब्द मालगाडी होतो. स्वयंपाकघरातून म्हणजे समैयलऱैयिलिरुन्दु. नुकतं वाचायला लागलेलं मूल "समैय" वर दम टाकतं. त्याऐवजी अडुप्पडि घ्या, चुलीपाशी, घरातला शब्द आहे आणि छोटा आहे. मी नियम केला, पानावर दोन वाक्यं, वाक्यात चार-पाच शब्द, आणि एका वाक्यात एकच क्रियापद. आपल्याला "जाऊन, बघून, उघडून" असं लांबण लावायची सवय असते, तमिळमध्येही तसंच जमतं म्हणून मोह होतो, पण तो मोठ्या मुलांसाठी.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे शब्द मात्र खरे वापरा, अवघड वाटले तरी, कारण चित्र बाजूला असतं. पीङ्गान् जाडि, चिनी मातीची बरणी. परण्, माळा. उऱि, शिंकं. अम्मि, पाटा-वरवंटा. अञ्जऱैप् पॆट्टि, मिसळणाचा डबा (नावात पाच कप्पे, आमच्याकडच्यात सात आहेत, असो). मला आधी परण् आणि बरणी ह्यात गंमत करायची होती पण ती फक्त मराठी कानाला कळते, काढून टाकली. त्याऐवजी तमिळ मुलांना कळणारी गंमत सापडली. चिंच म्हणजे पुळि, वाघ म्हणजे पुलि. ल आणि ळ! तमिळ मुलंसुद्धा लहानपणी हे दोन गुंतवतात, मोठ्यांना हसू येतं. म्हणजे पाट्टी म्हणते चिंचेची बरणी आहे, आणि धाकट्याला ऐकू येतं वाघ आहे. आणि चित्रकाराला (म्हणजे माझ्या मुलीला) एक पानभर वाघ काढायला मिळतो.

पाचवी पायरी, कोणी घेतली आणि मुलाला कसं कळेल. माझ्या पहिल्या खर्ड्यात संशय घरकाम करणाऱ्या बाईवर जायचा आणि मग ती निर्दोष निघायची, मला वाटलं छान संदेश आहे. मामी काहीच बोलल्या नाहीत, नुसतं पान उलटं ठेवलं. वर्गात कुणाची आई हे काम करत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काढलं. मांजरावर टाकावं तर मांजर लोणचं खात नाही हे पोरं लगेच सांगतात. मग उरले तात्ता. बीपीमुळे मीठ बंद, लोणचं बंद, हे प्रत्येक घरात आहे.

खूण अशी हवी की मूल मोठ्यांच्या आधी ओळखेल. मी दोन ठेवल्या. एक ऐकायची: दुपारी दहीभात वाढला की सगळे विचारतात, ऊऱुगाय् इल्लैया? एकटे तात्ता गप्प. दहीभात आणि लोणचं न मागणं, हे तमिळ घरात किती संशयास्पद आहे ते तिथल्या मुलाला बरोबर कळतं. दुसरी बघायची: तात्तांच्या पांढऱ्या मिशीला हळद. ती चौथ्या पानापासूनच चित्रात आहे, मजकुरात दहाव्या पानापर्यंत एक अक्षर नाही.

पानांचं गणित सोपं आहे. ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानं होतात, बाहेरच्या कागदाची चार पानं कव्हरला गेली की गोष्टीला बारा. ती बारा पानं अशी झाली:

१. पाट्टि वीट्टिल् ऒरु पॆरिय जाडि. (आजीच्या घरी एक मोठी बरणी.)
२. जाडियिल् मावडु. कमकम वासनै! (बरणीत मावडु. घमघमाट!)
३. पाट्टि दिनमुम् जाडियैक् कुलुक्कुवार्. सळक्! सळक्! (आजी रोज बरणी हलवतात.)
४. इन्ऱु जाडियैक् काणोम्! (आज बरणी नाहीये!)
५. "परण् मेल इरुक्का?" "इल्ल." (माळ्यावर आहे? नाही.)
६. "पुळि जाडि इरुक्कु. ऊऱुगाय् जाडियक् काणोम्," ऎन्ऱार् पाट्टि. (चिंचेची आहे, लोणच्याची नाहीये, आजी म्हणाल्या.)
७. "पुलिया?" ऎन्ऱान् कदिर्. (वाघ? कदिर् म्हणाला.)
८. "नाङ्ग ऎडुक्कल पाट्टि!" ऎन्ऱाळ् मीनु. (आम्ही नाही घेतली, मीनु म्हणाली.)
९. तयिर् सादम् वन्ददु. "ऊऱुगाय् इल्लैया?" तात्ता पेसवे इल्लै. (दहीभात आला. लोणचं नाही? तात्ता बोललेच नाहीत.)
१०. तात्ताविन् मीसैयिल् मञ्जळ्! (तात्तांच्या मिशीला हळद!)
११. नाऱ्कालिक्कुक् कीऴे जाडि! (खुर्चीखाली बरणी!)
१२. "नाम सेर्न्दु साप्पिडलाम्," ऎन्ऱार् पाट्टि. "ऒण्णे ऒण्णु," ऎन्ऱार् तात्ता. (आपण मिळून खाऊ, आजी म्हणाल्या. एकच एक, तात्ता म्हणाले.)

दुसऱ्या पानावरचं कमकम बघा, आपला घमघमच, भाषांतर करायची गरजच पडली नाही. सातवं पान फक्त वाघ आहे, तिथे तीनच शब्द मुद्दाम ठेवले कारण आठव्याच्या आधी मुलाला हसायला वेळ लागतो. अकराव्यात कीऴे चा ऴ आहे, त्याला पर्याय नाही, "खाली" हा शब्दच तसा आहे, आणि मुलं तो शाळेत तमिऴ् ह्या शब्दातच शिकलेली असतात त्यामुळे घाबरू नका, आपल्यालाच जड जातो.

आणि हो, जिभेला पाणी सुटायचं वाक्य. वर म्हटलं तसं ते दुसऱ्या पानासमोर हवं होतं, म्हणून मी ते तिसऱ्यावर घातलं, पण मग आजीचं हलवणं चौथ्यावर आणि सगळंच एक पान पुढे सरकलं, बारात बसेना. शेवटी मागच्या कव्हरवर टाकलं, नाक्कुल ऎच्चिल् ऊऱुदा? तुमच्या जिभेला पाणी सुटलं का? तिथे बोलीतच आहे कारण तो थेट वाचणाऱ्याला विचारलेला प्रश्न आहे.

टायपिंगबद्दल एकच. फोनवर तमिळ कीबोर्ड टाकून रोमनमध्ये टाइप केलं की तो शब्द सुचवतो, पण ल-ळ-ऴ, र-ऱ आणि न चे तीन प्रकार ह्यात तो जे सुचवेल ते न बघता घेऊ नका. माझ्या एका प्रिंटमध्ये पाट्टीच्या माळ्यावर खरोखरच वाघाची बरणी होती, आणि मग सातव्या पानाची गंमतच मेली, कारण कदिर् बरोबर ऐकत होता. प्रिंट काढायच्या आधी पुळि आणि पुलि हे दोन शब्द बोट ठेवून तपासा.

शेवटची पायरी, मुलाला *वाचायला* द्या, वाचून दाखवू नका. आपण वाचून दाखवलं की आपल्या आवाजाने सगळे खड्डे बुजतात. मी मजल्यावरच्या सात वर्षांच्या एका मुलाला दिलं आणि पेन्सिल घेऊन बाजूला बसले, जिथे अडखळला तिथे टिंब. बारा पानांत चार टिंबं. दोन नाऱ्कालिक्कुक् वर, तो शब्द लांब आहे हे खरं, पण खुर्ची चित्रात आहे म्हणून ठेवला. एक कुलुक्कुवार् वर. चौथं टिंब मात्र अडखळण्याचं नव्हतं, तो पाचव्या पानावर थांबला, मागे चौथ्यावर गेला, चित्रावर बोट ठेवलं आणि मला म्हणाला, आन्टी, मीसै. पाच पानं आधीच. मग मिशीतली हळद मी थोडी फिकी केली.